कोरडा गहू आणि गार गहू: सस्कॅचेवानमधील धान्यशेतीत येऊ पाहणाऱ्यांसाठी

शाळेच्या भूगोलात 'विस्तृत व्यापारी धान्यशेती' हा विषय आपण सगळ्यांनीच वाचला आहे. समशीतोष्ण गवताळ प्रदेश, प्रेअरी, स्टेप, पंपास, मोठमोठी शेते, यंत्रांचा वापर, दर एकरी कमी पण दर माणशी प्रचंड उत्पादन, आणि बहुतांश माल निर्यातीसाठी, एवढे परीक्षेला पुरते. त्यामुळे प्रेअरी म्हणजे काय हे मी इथे पुन्हा सांगत बसणार नाही. मी लातूर जिल्ह्यातला, कृषी पदवीधर, आणि गेली काही वर्षे कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात रोझटाऊनच्या परिसरातील सुमारे 9,000 एकरांच्या एका शेतावर काम करतो. त्या शेतावर मालक, त्यांचा मुलगा, एक जुना गडी आणि मी, असे चौघेच वर्षभर असतो. हंगामात आणखी दोघे येतात. कृषी पदवी घेतलेली आपली मुले इकडे येण्याचा विचार करत आहेत आणि त्यांतील काहींनी मला विचारले आहे, म्हणून हे लिहितो.

आधी कटू गोष्ट सांगून टाकतो. इकडे आणून देतो म्हणणारे दलाल ट्रॅक्टरच्या काचेच्या केबिनचे फोटो दाखवतात आणि सांगतात की यंत्र आपोआप चालते, तुम्ही फक्त बसायचे. यंत्र खरोखरच आपोआप चालते. उपग्रहाच्या आधारे सरळ रेघेत पेरणी यंत्र ओढत जाणारा ट्रॅक्टर सांभाळायला मला चार दिवसांत आले, आणि नेमका तिथेच माझा घात झाला, कारण चार दिवसांत जे येते त्यालाच मी शेती समजून बसलो. ज्या प्रमाणपत्रांसाठी लोक लाखो रुपये भरतात ती बहुधा याच चार दिवसांच्या कामाची असतात. त्यापेक्षा मोठा मालट्रक चालवण्याचा परवाना मिळवा. या प्रांतात 2019 पासून त्यासाठी 121.5 तासांचे सक्तीचे प्रशिक्षण सुरू झाले. तो खर्च मात्र वाया जात नाही, कारण ट्रक चालवू शकणारा माणूस प्रत्येक शेताला हवा असतो.

कामाचे वर्ष थोडक्यात सांगायचे तर मेच्या सुरुवातीला पेरणी, जून-जुलैमध्ये फवारणी, आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कापणी. हिमतुषाराशिवायचे दिवस साधारण शंभर मिळतात, त्यामुळे पेरणी आणि कापणी या दोन्ही वेळी दिवसाचे चौदा-पंधरा तास काम चालते आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. पुस्तकात 'एकपीक पद्धती' असे लिहिलेले असते, ते आता तसे राहिलेले नाही. आमच्याकडे गहू, कॅनोला हे तेलबियांचे पीक आणि मसूर यांची फेरपालट चालते. यातली मसूर तर आपल्याच घरच्या आमटीसाठी निघते, हे मला इथे आल्यावर कळले. 2017 च्या डिसेंबरमध्ये भारताने मसुरीवर 30 टक्के आयात शुल्क लावले, त्याच्या आधीच्या महिन्यात वाटाण्यावर 50 टक्के लावले होते, आणि त्या हिवाळ्यातील बेचैनीची आठवण आमचे मालक अजून काढतात. दिल्लीत सही होते आणि रोझटाऊनमध्ये पेरणीचा आराखडा बदलतो. निर्यातीवर उभी असलेली शेती म्हणजे काय, हे मला या एका गोष्टीवरून जितके उमजले तितके चार वर्षांच्या अभ्यासक्रमातून उमजले नव्हते.

पण माझी खरी ठोकर पेरणीत नव्हती, कापणीत नव्हती आणि बाजारातही नव्हती. ती कापणीनंतर होती, ज्याकडे नवखा माणूस काम संपले असे समजून पाहतो.

आपल्याकडे गहू निघाला की तो चार-आठ दिवसांत मोंढ्यावर जातो. आडत्या बोली लावतो, हमाल पोती उचलतात आणि शेतकरी पट्टी घेऊन घरी येतो. इथे कापणीच्या सहा-आठ आठवड्यांत निघालेला सगळा माल लगेच घेऊ शकेल अशी व्यवस्थाच नाही. रेल्वे आणि बंदर यांची क्षमता ठरलेली आहे. गावाजवळच्या एलेव्हेटरमध्ये, म्हणजे रूळांशेजारी उभ्या असलेल्या उंच काँक्रीटच्या धान्यकोठारात, माल उतरवून घेतात, तिथून तो रेल्वेच्या डब्यांनी व्हँकूव्हर किंवा प्रिन्स रूपर्टला आणि पूर्वेकडे थंडर बेला जातो, आणि तिथून जहाजाने जगभर. त्यामुळे तुमच्या करारात लिहिलेला पोचवण्याचा महिना जानेवारी असू शकतो, मार्चही असू शकतो. पूर्वी गहू फक्त सरकारी गहू मंडळाला विकावा लागे. 1 ऑगस्ट 2012 पासून ती सक्ती गेली आणि विकण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला मिळाले, पण त्याबरोबर कोणाला, केव्हा आणि कोणत्या भावाने विकायचे याची चिंताही त्याच्याच गळ्यात आली. याचा व्यवहारातील अर्थ असा की धान्य चार-सहा महिने तुमच्याच अंगणातील पत्र्याच्या गोल कोठीत, म्हणजे बिनमध्ये, पडून राहते, आणि त्या काळात ते बिघडले तर बिघडवणारे तुम्हीच असता.

आमच्या अंगणात अशा चौदा बिन आहेत. ज्या बिनची ही गोष्ट आहे ती 10,000 बुशेलची. गव्हाचा एक बुशेल 27.2 किलो धरला तर सुमारे 272 टन. सपाट तळाची, आठेक मीटर व्यासाची, आणि भरल्यावर धान्याची उंची साडेसहा मीटर. तळाला बारीक भोकांचा पत्रा असतो, त्याखाली पोकळी असते आणि बाहेरून बसवलेला पंखा त्या पोकळीत हवा ढकलतो. ती हवा गव्हातून वर चढते आणि छताच्या झरोक्यांतून बाहेर पडते. चौदा बिनला आमच्याकडे नऊच पंखे होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो लागेल.

माझ्या दुसऱ्या हंगामात ऑगस्टच्या अखेरीस एक दिवस तापमान 33 अंशांवर गेले. दुपारी एकला दोन कम्बाइन, म्हणजे कापणी-मळणी यंत्रे, शेतात उतरली, पुढे 40 फुटी कापणीची पट्टी लावलेली, आणि रात्री आठपर्यंत 200 एकरांचा लाल कणखर गहू कापून झाला. ओलावा मापकावर आकडा आला 13.2 टक्के. इथे 14.5 टक्क्यांपर्यंतच्या गव्हाला 'स्ट्रेट' म्हणतात, म्हणजे विक्रीसाठी कोरडा. त्याच्या वर 17 टक्क्यांपर्यंत 'टफ' आणि त्याहून जास्त असेल तर 'डॅम्प'. 13.2 हा आकडा पाहून मी खूश झालो. गहू हातात घेतला तर तो गरम लागत होता, आणि मला त्याचाही आनंदच झाला. आपल्या मनात हे पक्के बसलेले असते की कडक ऊन खाल्लेले धान्य टिकते. मे महिन्यात अंगणात साड्या अंथरून गव्हाला ऊन देणारी आजी कोणाच्या घरात नव्हती? गरम म्हणजे वाळलेले आणि वाळलेले म्हणजे सुरक्षित, असे समीकरण मी न बोलता मांडून मोकळा झालो.

आजी पुढे काय करायची ते मी विसरलो होतो. ऊन दिलेला गहू ती त्याच संध्याकाळी कणगीत कधीच भरत नसे. "गार होऊ दे, मग भर," म्हणायची, आणि गहू रात्रभर तसाच पसरलेला राहायचा. मी लहानपणी त्या गव्हात पाय खुपसून झोपलो आहे आणि तरीही सस्कॅचेवानमध्ये 272 टन गरम गहू बिनमध्ये ओतून वरचे झाकण लावले.

हा सापळा नीट समजावून सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. गहू उष्णतेचा फार वाईट वाहक आहे. मूठभर गहू तासाभरात गार होतो, पण आठ मीटर व्यासाच्या ढिगाच्या मध्यभागी असलेला गहू ऑगस्टमधली उष्णता जानेवारीपर्यंत धरून बसू शकतो, बाहेर उणे पंचवीस असले तरी. ओलावा आणि तापमान या दोन गोष्टी एकत्र पाहायच्या असतात. 13.2 टक्के ओलाव्याचा गहू 15 अंशांच्या खाली असेल तर निवांत राहतो, तोच 30 अंशांच्या वर असेल तर धोक्यात असतो. 'कोरडा' हा शब्द विकत घेणाऱ्याच्या हिशेबाचा आहे, साठवणाऱ्याच्या हिशेबात त्याच्या शेजारी 'गार' हा शब्द लागतो. म्हणून तळाचा पत्रा गव्हाने झाकला गेला की लगेच पंखा सुरू करायचा असतो. बिन पूर्ण भरण्याचीही वाट पाहायची नसते.

पंखा मी सुरू केला होता, आणि चूक इतकी सरळ नव्हती म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे. रात्रीची हवा दहा-अकरा अंशांची होती. मी तीन रात्री, प्रत्येकी बारा तास, असा एकूण 36 तास पंखा चालवला. चौथ्या सकाळी बिनच्या बाजूला छातीच्या उंचीवर जे लहानसे दार असते त्यातून गहू काढून त्यात तापमापक खुपसला. 12 अंश. शेजारच्या बिनमध्ये कॅनोला भरला जात होता, त्यालाही पंखा हवा होता, आणि पंखे नऊच होते. मी पंखा काढून तिकडे लावला.

आता गार हवा बिनमध्ये कशी चढते ते पाहा. सगळे धान्य एकदम थोडेथोडे गार होत नाही. तळाचा थर आधी हवेच्या तापमानाला येतो, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. गार आणि गरम यांची सीमा जिन्याच्या पायऱ्या चढल्यासारखी हळूहळू वर सरकते. सीमेच्या खाली 12 अंश असतील तेव्हा तिच्या वर 30 असू शकतात. ही सीमा माथ्यातून बाहेर पडायला किती वेळ लागेल याचा इथे एक ठोकताळा आहे. पंखा दर मिनिटाला, दर बुशेलमागे किती घनफूट हवा देतो तो आकडा काढायचा आणि 15 ला त्याने भागायचे. आमचा पंखा त्या बिनवर मिनिटाला सुमारे 2,000 घनफूट हवा देत होता, म्हणजे दर बुशेलमागे 0.2. पंधराला 0.2 ने भागले की येतात 75 तास, तेही सगळे सुरळीत असेल तर. मी 36 तास चालवला होता. सीमा निम्म्यावर येऊन थांबली, आणि मी तपासले ते छातीच्या उंचीवर, म्हणजे जिथून ती सीमा पहिल्याच रात्री वर गेली होती तिथे. जो भाग सर्वांत आधी गार होतो तोच मी पाहिला. शिडी चढून माथ्यावर जायचा मला कंटाळा आला होता, हे कबूल करतो.

त्यात आणखी एक बारकावा आहे. बिन वरून भरताना मध्यभागी शंकूसारखा ढीग होतो, आणि कोंडा, तणाचे बी, फुटके दाणे हे सगळे त्या मध्यभागातच जास्त साचतात. बारीक कचऱ्यातून हवा सहज जात नाही, आणि शंकूमुळे मध्यावर उंचीही जास्त असते, त्यामुळे हवा भिंतीजवळून सोपी वाट काढते. म्हणजे सर्वांत उशिरा गार होणारी जागा कोणती, तर माथ्याजवळचा मध्य. जुने लोक बिन भरल्यावर खालच्या मधल्या तोंडातून एक ट्रकभर गहू काढून घेतात. शंकू खाली बसतो आणि मधला कचराही निघून जातो. हा कामचुकारपणा वाटावा इतका साधा उपाय आहे, आणि तो मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितला नव्हता.

नोव्हेंबरमध्ये मी एकदा माथ्यावर चढलोही होतो. झाकण उघडून विजेरीने आत पाहिले, वरच्या गव्हात हात घातला, तो बर्फासारखा गार लागला. समाधानाने उतरलो. खरे तर वरची चार बोटे छताखालच्या थंडीने गार झालेली होती, आणि त्याच्या मीटरभर खाली ऑगस्ट महिना तसाच होता. तळ गार, पृष्ठभाग गार, मधे ऊब. या अवस्थेत बिनच्या आत एक मंद वारा सुरू होतो. भिंतीलगतची थंड हवा खाली उतरते, मधली उबदार हवा ओलावा घेऊन वर चढते आणि पृष्ठभागाखालच्या थंड थरात तो ओलावा सोडते. म्हणजे 13.2 टक्क्यांनी भरलेल्या बिनमध्येही वरच्या मध्यावर त्याहून बराच ओला थर तयार होतो, कोणी पाणी न घालता.

जानेवारीत करारानुसार पहिला ट्रक भरला. जोड-ट्रेलरचा मोठा ट्रक, ज्याला इथे 'सुपर बी' म्हणतात, सुमारे 44 टनांचा. सपाट तळाच्या बिनमधून गहू काढताना मधल्या तोंडातून आधी खालचा जातो असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात मधे नरसाळे तयार होते आणि माथ्याचा मधला गहू लवकरच खाली येऊ लागतो. म्हणजे माझा सर्वांत वाईट गहू पहिल्याच ट्रकमध्ये गेला. बाहेर उणे 22 अंश होते आणि धान्य ओढून वर चढवणाऱ्या फिरत्या मळसूत्राच्या, म्हणजे ऑगरच्या, तोंडातून पडणाऱ्या गव्हातून मधेमधे वाफ निघत होती. मी ती पाहिली. थंडीत सगळ्यातूनच वाफ निघते, असे स्वतःला सांगितले.

साठ किलोमीटरवरच्या एलेव्हेटरमध्ये ट्रकच्या डब्यात नळी खुपसून नमुना घेतला गेला. तपासणाऱ्या बाईंनी तो चाळणीतून काढला, खाली पडलेला भुसा पांढऱ्या ताटलीत ओतला आणि ती ताटली दिव्याखाली ठेवून त्या दुसऱ्या कामाला लागल्या. मला वाटले विसरल्या. पाच-सात मिनिटांनी त्यांनी मला जवळ बोलावले. भुशातला तांबूस रंगाचा एक कण, दोन मिलिमीटरही नसेल, सरकू लागला होता. मग दुसरा. थंडीत हे किडे मेल्यासारखे पडून राहतात, ऊब मिळाली की चालू लागतात, म्हणून ताटली दिव्याखाली ठेवायची असते. आपण ज्यांना सरसकट पोरकिडे म्हणतो त्यांच्याच जातकुळीतला हा चपटा, लांब मिशांचा किडा. दाण्याचा अंकुर खातो. 14.5 टक्के ओलावा आणि 31 अंश तापमान असेल तर अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला त्याला जेमतेम तीन आठवडे लागतात. ऑगस्टच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत मी त्याला उबदार घर दिले होते, किती पिढ्या झाल्या असतील त्याचा हिशेब करा.

आपल्याकडे किडके धान्य निवडून, पाखडून, उन्हात घालून खाल्ले जाते. इथे जिवंत किडा सापडलेला गहू एलेव्हेटरने उतरवून घेणेच कायद्याला मान्य नाही. त्यात घासाघीस नाही, 'थोडा भाव कमी करा' नाही. त्याच बुरुजात आणखी वीस शेतांचा गहू पडणार असतो आणि तो जहाजातून अशा देशात जाणार असतो जिथे एका किड्यावरून अख्खा माल परत येऊ शकतो. ट्रक 44 टन गव्हासह परत आला. परतीच्या साठ किलोमीटरांत मी मालकांना काय सांगायचे याची जुळवाजुळव करत होतो. सांगितल्यावर ते एवढेच म्हणाले, "माथ्यावर तापमान किती होते?" मला उत्तर देता आले नाही.

पुढचे काम जुन्या गड्याने शिकवले. त्याने तीन मीटरची एक लोखंडी सळई माथ्यावरून मध्यभागी खुपसली, पंधरा मिनिटे तशीच ठेवली, बाहेर काढली आणि हातमोजा काढून सळईवरून तळहात फिरवत गेला. वरचे टोक हात चिकटेल इतके गार, आणि मधल्या एक-दीड मीटरच्या पट्ट्यात ती चक्क कोमट होती. तापमापकाने नंतर तिथे 27 अंश दाखवले. वर्गात शिकवणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण या क्षेत्रात गुरू निवडायचा असेल तर ज्याच्या हाताला तापमान कळते असा माणूस शोधा. तो बहुधा शेतावरचा सर्वांत कमी बोलणारा माणूस असतो आणि त्याच्या नावापुढे कोणतीही पदवी नसते. मोबाइलवर बिनचे तापमान दाखवणाऱ्या तारा चांगल्याच असतात, आमच्याही सहा बिनमध्ये आहेत. ही बिन त्या सहांत नव्हती.

औषधाच्या गोळ्या टाकून किडे मारावेत असे मी सुचवले. त्या गोळ्यांतून निघणाऱ्या फॉस्फिन वायूचा उपयोग धान्य 5 अंशांच्या वर असेल तरच होतो, शिवाय त्याला परवाना लागतो, आणि बिनचा मोठा भाग एव्हाना त्याहून गार होता. आमच्याकडे त्याहून स्वस्त औषध दाराबाहेर उभे होते, ते म्हणजे थंडी. धान्याचे तापमान उणे 20 अंशांवर आठवडाभर, उणे 15 वर चार आठवडे किंवा उणे 10 वर आठ आठवडे राहिले तर हे किडे मरतात. आम्ही बिनमधला एक तृतीयांश गहू मधूनच काढून ऑगरने परत माथ्यावर टाकला, म्हणजे उबदार भाग फुटून थंडीत फिरला, आणि पंखा पाच दिवस सलग चालवला. माथ्याच्या ओल्या थरात गव्हाची ढेकळे झाली होती, त्यांना कुबट वास येत होता. सुमारे दहा टन माल वेगळा काढून पशुखाद्यासाठी विकावा लागला. सगळीकडे उणे 16 ची नोंद आल्यावर चार आठवडे मोजून मार्चमध्ये पुन्हा ट्रक पाठवले. ताटली पुन्हा दिव्याखाली ठेवली गेली. या वेळी मी पाच मिनिटे श्वास रोखून उभा होतो, आणि भुसा भुसाच राहिला. जानेवारीचा करार मात्र हुकला होता, पोचवण्याचा महिना पुढे ढकलल्याबद्दल खरेदीदाराने कपात केली.

हे वाचून घाबरू नका. माझी नोकरी गेली नाही. इथे चुकीपेक्षा चूक लपवण्याला जास्त वाईट समजतात, आणि ट्रक परत आला त्याच दिवशी सांगितले म्हणून उरलेला गहू वाचला. पण एका बाबतीत मात्र घाबराच. ढेकळे फोडण्यासाठी मी बिनमध्ये उतरायला निघालो होतो आणि खाली ऑगर चालू होता. जुन्या गड्याने मला दंडाला धरून मागे ओढले. चालत्या ऑगरच्या वरचे धान्य माणसाला काही सेकंदांत गुडघ्यापर्यंत आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पूर्ण गिळते. शिवाय आत पोकळी होऊन वर ढेकळांचा पूल तयार झालेला असेल तर पाय ठेवताच तो कोसळतो. ऑगर बंद करून कुलूप लावल्याशिवाय, दोर आणि बाहेर माणूस असल्याशिवाय आत जायचे नाही. मालकाने सांगितले तरी नाही. या एका बाबतीत नोकरी सोडावी लागली तरी चालेल.

प्रतवारीबद्दल थोडेसे सांगतो, कारण नवखे लोक तिथे उगाच दबतात. एलेव्हेटरवर तुमच्या गव्हाची प्रत आणि कचऱ्याची वजावट ठरवली जाते. ती मान्य नसेल तर तो नमुना कॅनडाच्या धान्य आयोगाकडे पाठवण्याची मागणी करण्याचा शेतकऱ्याला कायद्याने हक्क आहे, आणि आयोगाचा निर्णय दोघांनाही बंधनकारक असतो. मोंढ्यात आडत्याशी वाद घालण्यापेक्षा हे फार शांतपणे होते. ट्रक घेऊन तुम्हीच जाणार असाल तर मालकांना आधी विचारून ठेवा की प्रत पटली नाही तर काय करायचे, नंतर फोनवर तणातणी नको. आणि प्रत्येक ट्रकचा स्वतःचा नमुना, तारीख घालून, डब्यात जपून ठेवा.

नोकरीसाठी एखाद्या शेतकऱ्याशी बोलणे झाले तर ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा आहे हे विचारू नका, ते सगळेच विचारतात. बिन किती, पंखे किती आणि कापणीच्या दिवसांत बिनच्या नोंदी कोण ठेवतो, हे विचारा. बिन आणि पंखे यांच्या आकड्यांत मोठी तफावत असेल तर सप्टेंबरमध्ये पंखे इकडून तिकडे हलवण्याचे काम तुमच्याकडे येणार, आणि पंखा केव्हा काढायचा हा निर्णयही. बिन रिकामी झाल्यावर ती भोकांच्या पत्र्याखालपर्यंत झाडून घेण्याचे कामही नवख्याकडेच येते. ते कंटाळवाणे असते, पण पुढच्या वर्षीचे किडे बहुधा तिथल्याच मूठभर जुन्या गव्हात बसलेले असतात. मीही ते त्या वर्षी वरवर केले होते.

आता आमच्या प्रत्येक बिनच्या दारावर एक कागद चिकटवलेला असतो. भरल्याची तारीख, भरतानाचे तापमान, ओलावा, पंख्याचे एकूण तास, आणि शेवटच्या रकान्यात माथ्याच्या झरोक्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान. ही हवा बाहेरच्या हवेइतकी गार लागेपर्यंत पंखा काढायचा नाही, दुसऱ्या कोणत्याही बिनला पंखा हवा असला तरी. पंखे आता बारा आहेत. गेल्या सप्टेंबरमध्ये त्याच मोठ्या बिनमध्ये 29 अंशांचा गहू भरला होता. 75 तासांनी मी माथ्यावर चढलो तेव्हा बाहेर 7 अंश होते आणि झरोक्यातून येणारी हवा 16. ठोकताळ्याप्रमाणे काम झाले असायला हवे होते, झाले नव्हते. 98 व्या तासाला, पहाटे पाचला, पुन्हा चढलो. बाहेर 6, झरोक्यात 7. सळई मध्यभागी खुपसली, पंधरा मिनिटे छतावर बसून राहिलो, काढून तळहात फिरवला. वरपासून खालपर्यंत सारखी गार होती. खाली उतरून आकडे कागदावर लिहिले आणि पंखा बंद केला.